पदराशेजारची टेप

मागावर पैठणीचा पदर चढलेला असताना संध्याकाळी काम थांबल्यावर काठाला एक रंगीत दोरा बांधायचा, जिथवर विणून झाले आहे तिथे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दोऱ्यापासून पुढे शिंप्याची टेप ठेवायची आणि फोटो काढायचा. दोरा अशासाठी, की विणलेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जात राहते आणि कालची जागा आज डोळ्यांना सापडत नाही. टेप साडेसात सेंटिमीटर दाखवते. चार बोटे रुंदीचे काम. फोटोखाली एवढेच लिहायचे: ‘दोरा बांधला ती जागा कालची. टेप संपते ती आजची. मधले विणायला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लागले, जेवणाची सुट्टी धरून.’

हाताने वस्तू करून विकणाऱ्याने घडणीचे फोटो टाकावेत, असे हल्ली सगळेच सांगतात आणि पुष्कळ जण टाकतातही. पण फोटोखाली काय लिहायचे, याचा विचार क्वचितच होतो. येवल्याच्या पैठणीचे उदाहरण मी यासाठी घेतो आहे, की फोटोखालच्या चार ओळींवर किती अवलंबून असते ते इथे स्पष्ट दिसते.

मोबाइलच्या पडद्यावर दोन साड्या दिसतात. दोन्हींचा रंग जांभळा, काठ हिरवा, पदरावर मोर. एक साडेतीन हजारांची, दुसरी पंचवीस हजारांची. पहिली यंत्रमागावर विणलेली, बाजारात जिला ‘सेमी पैठणी’ म्हणतात ती. दुसरी हातमागावरची. हातात घेतल्या तर फरक कळेल, उलटून पाहिल्या तर नक्की कळेल. पण बोटाएवढ्या फोटोत त्या सख्ख्या बहिणी वाटतात. मग पुण्यात किंवा नाशकात बसलेली बाई विचारते, ‘दादा, एवढी महाग का हो?’ आणि येवल्याहून उत्तर जाते, ‘ताई, प्युअर आहे. हँडमेड आहे.’ साडेतीन हजारांवाल्यानेही हेच दोन शब्द लिहिलेले असतात.

या प्रश्नाशी जुळणारा एक प्रयोग मानसशास्त्रात झाला आहे. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना दोन अमूर्त चित्रे दाखवली. काहींना सांगितले, की पहिल्या चित्राला चार तास लागले आणि दुसऱ्याला सव्वीस. बाकीच्यांना उलट सांगितले. चित्रे तीच होती, पण ज्या चित्रामागे जास्त तास गेल्याचे सांगितले ते अधिक चांगले ठरण्याकडे कल दिसला. कवितेवरही असाच प्रयोग केला, जुन्या शस्त्रांच्या आणि चिलखतांच्या छायाचित्रांवरही. त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते: वस्तूचा दर्जा स्वतःला नीट पारखता येत नसेल तेव्हा कष्टांच्या माहितीचा प्रभाव वाढतो.

मोबाइलवरची पैठणी अशीच, नीट न पारखता येणारी वस्तू आहे. त्यामुळे ‘बावीस दिवस लागले’ हे वाक्य तिथे जोरात काम करते. अडचण अशी, की ते खोटे असले तरी तितक्याच जोरात करते. यंत्रमागाची साडी विकणारा कुणाच्या तरी हातमागाचा फोटो उचलून खाली ‘तीन महिन्यांची तपश्चर्या’ लिहू शकतो, आणि लिहितात. म्हणून फक्त कष्ट सांगून विश्वास बसत नाही. जे सांगितले ते गिऱ्हाइकाला स्वतः ताडून पाहता आले तर बसतो. साडी घरी आल्यावर ती उलटून, मोजून, एखादा धागा काढून तपासता येईल असे काहीतरी त्या ओळीत असले पाहिजे. टेपचा फोटो म्हणूनच उपयोगी. रोजच्या रोज येणारे असे आठ फोटो दुसऱ्याच्या मागावरून उचलून आणता येत नाहीत.

आता हे बावीस दिवस जातात कुठे ते पाहू, कारण ओळी तिथूनच निघतात.

रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. कच्च्या रेशमाच्या अंगावर किड्याच्या लाळेतला डिंकासारखा थर असतो आणि त्यामुळे धागा खरखरीत लागतो. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात तो थर काढतात, मग रंगवतात. डिंक गेला की रेशमाचे वजन पाचवा ते चौथा हिस्सा कमी होते. फोटो काढायला ही उत्तम जागा आहे आणि सहसा ती कुणी वापरत नाही. काट्यावर लडी ठेवून आधीचा एक फोटो, नंतरचा एक. खाली: ‘एक किलो रेशीम आणले. उकळल्यावर ७७० ग्रॅम भरले. डिंक पाण्यात गेला, चमक राहिली. भाव मात्र एक किलोचाच दिला.’ अर्थात आपल्या काट्यावर जो आकडा येईल तोच लिहायचा. कच्च्या मालाच्या किमतीबद्दल यापेक्षा जास्त बोलावे लागत नाही.

मग लड्या उकलून धागा गुंडाळायचा, कांड्या भरायच्या, ताणा तयार करायचा. जुना ताणा संपत आला की त्याच्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडतात. हजारो धागे, बोटांनी पीळ देत, एकामागून एक. हे काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका करतात आणि विणकामाचे दिवस मोजताना ते हमखास गळते. कुणी लिहिलेच तर ‘घरच्यांची मदत’ असे लिहितात. मला हा शब्द खटकतो. तीन दिवसांचे काम ही मदत नव्हे, ती मजुरी आहे. किमतीत ती धरलेली असेल तर ओळीतही आली पाहिजे: ‘आज विणकाम बंद. सासूबाई आणि मी ताणा जोडतोय. उद्याही हेच.’

यानंतर अंग, म्हणजे साडीचा मधला भाग. बाण्याचा मुख्य धोटा अंगात फिरतो आणि दोन्ही काठांना स्वतःच्या वेगळ्या कांड्या असतात. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात. त्यामुळे हिरव्या काठाचा धागा जांभळ्या अंगात शिरत नाही, जांभळा काठात शिरत नाही आणि दोन्ही रंग स्वच्छ राहतात. एका ओळीसाठी धोटा एकदा टाकून भागत नाही, प्रत्येक ओळीला हात तीन ठिकाणी जातो. अंगावर बुट्ट्या असतील तर प्रत्येक बुट्टीसाठी जरीची वेगळी छोटी कांडी.

आणि शेवटी पदर. इथे जरीच्या जमिनीवर रंगीत रेशमाने मोर, मुनिया, वेल, कमळ उठवायचे असते. प्रत्येक रंगाची प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र कांडी. ती आपल्या आकृतीपुरते ताण्याचे धागे ओलांडते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपलीकडे जात नाही. रुंदीभर अशा कितीतरी कांड्या लोंबत असतात आणि त्या सगळ्यांना एकेकदा हात लावून झाला, की एक ओळ पूर्ण होते. मग फणी ठोकायची आणि पुढची ओळ सुरू करायची.

समजा एका विणकर कुटुंबाने अशी एक साडी केली. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, प्रत्येक घराचे वेगळे असतील. अंग ५६० सेंटिमीटर, रोज ४० सेंटिमीटर विणले जाते, म्हणजे १४ दिवस. पदर ६० सेंटिमीटर, रोज साडेसात, म्हणजे ८ दिवस. एकूण २२. यात एक गंमत आहे. पदर हा कापडाचा जेमतेम दहावा भाग, पण विणकामाचा एक तृतीयांशाहून जास्त वेळ तो खातो. महाग पैठणी महाग का, याचे उत्तर बहुतांशी या एका ओळीत आहे. पदराच्या फोटोखाली ती अशी लिहिता येईल: ‘अंगावर दिवसाला ४० सेंटिमीटर होत होते. कालपासून पदर लागला, आता साडेसात. मोराची मान आणि पिसारा मिळून एका ओळीत सव्वीस कांड्या आहेत.’ कांड्यांचा आकडा मोजून लिहायचा, अंदाजाने नाही. फोटो मोठा करून गिऱ्हाईक कांड्या मोजू शकते आणि काही जणी खरेच मोजतात.

किमतीकडे येऊ. धरून चालू, की रेशीम, जर आणि रंग मिळून ४,५०० रुपये. विणकामाचे २२ दिवस, दिवसाला ६०० प्रमाणे १३,२००. उकलणे, कांड्या, ताणा यांचे तीन दिवस ५०० ने १,५००. मागाची दुरुस्ती, वीज, पॅकिंग, कुरिअर आणि अधूनमधून परत येणारा माल यापोटी १,८००. झाले २१,०००. त्यावर ४,००० राहिले तर किंमत २५,०००.

हा सगळा हिशेब फोटोखाली मांडावा का? माझे मत, प्रत्येक साडीखाली नाही. मांडला तर घासाघीस एकेका रकमेवर सुरू होते. कुरिअरचे एवढे का, नफा चार हजार का, असे. पण नुसते दिवस सांगून थांबण्यातही धोका आहे. गिऱ्हाईक लगेच २५,००० ला २२ ने भागते, साडेअकराशेच्या आसपास उत्तर येते आणि विणकर रोज साडेअकराशे कमावतो असा समज होतो. खरे तर त्याला सहाशे पडले आहेत. त्यामुळे दिवसांबरोबर निदान एवढे सांगावे, की साहित्य किती गेले आणि विणकामाशिवाय आणखी कोणाचे किती दिवस गेले. पूर्ण हिशेब वर्षातून एकदा, एका साडीचा, सविस्तर लिहावा आणि कुणी विचारले की तो दाखवावा.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. येवल्यात सगळे विणकर स्वतःची साडी स्वतः विकत नाहीत. पुष्कळ जण व्यापाऱ्यासाठी विणतात. रेशीम-जर व्यापारी देतो, विणकराला साडीमागे मजुरी मिळते. आता एखादा दुकानदार विणकराचे हात, कपाळावरचा घाम आणि ‘बावीस दिवसांची मेहनत’ दाखवून चढा भाव घेत असेल, तर त्या दिवसांची मजुरी विणकराला किती पोचली, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारणे रास्त आहे. दुसऱ्याच्या कष्टांची गोष्ट सांगून किंमत वाढवायची आणि वाढीव रक्कम स्वतःकडे ठेवायची, हे मला विश्वासघातापेक्षा कमी वाटत नाही. दुकानदाराने सरळ लिहावे: ‘ही साडी आम्ही विणून घेतली आहे, विणकर अमुक, त्यांची मजुरी इतकी.’ नाव आणि फोटो विणकराला विचारूनच. मजुरी लिहायची लाज वाटत असेल, तर ती लाज कशाची आहे ते त्याने स्वतःशी पाहावे.

आता तपासता येणाऱ्या गोष्टी. इथे विक्रेत्याने फार जपून लिहायला हवे, कारण पैठणी ओळखण्याच्या ज्या खुणा सगळीकडे सांगितल्या जातात त्यांतल्या निम्म्या अर्ध्याच खऱ्या आहेत.

सगळ्यात सांगितली जाणारी खूण म्हणजे उलटी बाजू. वर सांगितलेल्या पद्धतीने प्रत्येक रंग आपल्या जागेतच अडकवून परत फिरवलेला असेल, तर पदर मागून पुढच्यासारखाच दिसतो. मोर मागूनही मोरच, फार तर कुठे धाग्याचे टोक किंवा गाठ. यंत्रमागावर मात्र रंगीत धागा रुंदीभर जातो, हवा तिथे वर येतो आणि उरलेल्या जागी मागे लोंबत राहतो. ते धागे कापून टाकतात किंवा मागे जाळी शिवून झाकतात. इथवर बरोबर. पण याचे उलट विधान चूक आहे. मागे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असे म्हणता येत नाही. येवल्यातच हातमागावर जकार्ड बसवून काठ किंवा बुट्टी विणण्याची पद्धत आहे आणि तिथे हातमाग असूनही मागे मोकळे धागे राहतात. म्हणून ‘हातमाग’ एवढाच शब्द पुरत नाही. प्रामाणिक ओळ अशी असते: ‘हातमागावर विणलेली. पदर पूर्ण हाताने, कांड्या फिरवून. काठ जकार्डवर, त्यामुळे काठाच्या मागे धागे दिसतील.’ हे वाचलेल्या बाईने साडी आल्यावर काठ उलटला, की तिला फसल्यासारखे वाटत नाही. उलट आधी सांगितलेले खरे निघाले, असे वाटते. नेमके हेच आधी सांगितले नसेल तर तीच साडी, तेच धागे, आणि फोन येतो की ‘तुम्ही मशीनची पाठवली’.

दुसरी खूण काठाच्या कडेला बारीक भोके. रुंदी ताणून धरायला विणकर दोन टोकांना टोचण्या असलेली काठी लावतो, त्याची ती भोके. पण कापड ताणून धरणारी टोकदार साधने यंत्रमागावरही असतात. म्हणून या एका खुणेवर हातमाग सिद्ध होत नाही. तिचा उल्लेख करायचा तर ‘ही भोके दोष नाहीत, विणताना काठी लावली होती’ एवढ्यासाठी करावा.

रेशमाची परीक्षा घरी होते. पदराच्या टोकाचा एक सुटा धागा काढून जाळायचा. रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. साडी घेणाऱ्याला ही रीत स्वतः लिहून पाठवणारा विक्रेता मला शंभर विशेषणांपेक्षा भरवशाचा वाटतो. सोबत दोन-चार इंचांचे सुटे धागे पाकिटात घालून दिले तर पदराला हातही लावावा लागत नाही.

जरीच्या बाबतीत सगळ्यात जास्त मोघम लिहिले जाते. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो. तिची किंमत प्रचंड होते आणि ती मुद्दाम मागितल्याखेरीज सहसा कोणी वापरत नाही. रोजच्या पैठणीत जास्त करून तांब्याच्या तारेवर चांदीचे पाणी दिलेली जर असते. त्याहून स्वस्त म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा थर चढवलेली. ‘अस्सल सोनेरी जर’ या शब्दांत या तिन्ही मावतात. त्याऐवजी: ‘जर तांब्याची आहे, सोन्याची नाही. दमट कपाटात काळी पडू शकते. मलमलीत किंवा सुती कापडात गुंडाळा, वर अत्तर मारू नका.’ ‘सोन्याची नाही’ हे लिहायला विक्रेता कचरतो. पण पंचवीस हजारांत सोन्याची जर येत नाही हे गिऱ्हाइकाला आज ना उद्या कुणी तरी सांगणारच आहे. ते विक्रेत्याकडून आधी कळलेले बरे.

शिक्क्यांचेही असेच. सिल्क मार्क हे केंद्रीय रेशीम मंडळाशी जोडलेल्या संस्थेचे चिन्ह. रेशीम शुद्ध आहे एवढेच ते सांगते. साडी हाताने विणली की यंत्राने, याबद्दल ते काहीच म्हणत नाही. हँडलूम मार्क सांगतो, की कापड हातमागाचे आहे. रेशीम शुद्ध आहे की नाही, हा त्याचा विषय नाही. दोन्ही चिन्हे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि फोटोखाली ती तशीच लिहिली पाहिजेत. सिल्क मार्कचे लेबल दाखवून त्याखाली ‘हातमागाची खात्री’ लिहिणे ही चूक इतक्यांदा दिसते, की काही विक्रेत्यांना ती चूक आहे हेच माहीत नसावे.

काय दाखवू नये, याचाही विचार करावा लागतो. पूर्ण झालेल्या नव्या पदराचा समोरून काढलेला, स्वच्छ उजेडातला मोठा फोटो म्हणजे नक्षी उतरवून घ्यायचे आयते निमंत्रण. जकार्डवर ती उतरवणाऱ्याला तेवढे पुरते, आलेखाचा कागद दाखवला तर विचारायलाच नको. आपली स्वतःची नवी नक्षी असेल तर साडी विकली जाईपर्यंत पदर तिरका, अर्धवट, हातांसकट दाखवावा. घडणीचा फोटो तसाही अर्धवट कामाचाच असतो आणि विश्वासासाठी अर्धवट काम जास्त उपयोगी पडते. पूर्ण झालेली साडी कुणाचीही असू शकते, मागावर अडकलेली आपलीच असते.

हे सगळे लिहायचे कधी? दिवसभर विणून दमलेल्या माणसाला संध्याकाळी लेखक व्हायला सांगणे अन्यायाचे आहे. म्हणून मागाशेजारी एक वही ठेवावी. प्रत्येक साडीला क्रमांक द्यावा आणि रोज एक ओळ लिहावी: तारीख, किती विणले, कुणी विणले, काय अडले. ‘१२ तारीख. ३८ सेंमी. ताण्याचे दोन धागे तुटले.’ ‘१३. बंद. बहिणीकडे साखरपुडा.’ ‘१४. ४१ सेंमी.’ फोटोखाली हीच ओळ जरा मोकळी करून टाकायची. वहीचा मोठा फायदा असा, की दिवस फुगत नाहीत. आठवणीने सांगताना बावीसचे ‘महिनाभर’ होतात आणि पुढच्या वेळी ‘दोन महिने’. मग जुने फोटो पाहणारे गिऱ्हाईक विचारते, की तीन आठवड्यांपूर्वी याच मागावर दुसरी साडी होती ना? बंद राहिलेले दिवस वेगळे दाखवल्याने आणखी एक गोष्ट साधते. साडी पस्तीस दिवसांनी हातात पडली तरी विणकामाचे दिवस बावीसच होते, हे वहीतून दिसते आणि उशिराचे कारणही.

इन्स्टाग्रामवर पहिली ओळ-दीड ओळच दिसते, बाकीची दाबल्यावर उघडते. तेव्हा त्या दिवसाची खरी गोष्ट पहिल्या ओळीतच यावी. ‘नमस्कार मैत्रिणींनो, आज घेऊन आलो आहोत’ यात ती जागा जाऊ नये. ‘आज साडेसात सेंटिमीटर’ ही पहिली ओळ म्हणून पुरेशी आहे.

राहिला दोष. हाताने विणलेल्या साडीत काही ना काही राहतेच: कुठे बाण्याचा एक दाट पट्टा, कुठे रंगाची छटा किंचित बदललेली, कारण दुसरी लडी वेगळ्या दिवशी रंगवली होती. ‘हातमाग आहे, चालायचेच’ म्हणून सगळे दोष खपवणे बरोबर नाही. तुटलेला धागा तसाच सोडलेला असेल किंवा काठ वाकडा गेला असेल तर तो विणकराचा हलगर्जीपणा आहे, हातमागाचा गुण नव्हे. पण जो दोष विणण्यातूनच आला आहे आणि साडीच्या टिकण्याला बाधा आणत नाही तो, जागा सांगून, जवळून फोटो काढून, विकण्याआधी दाखवावा.

आपल्या उदाहरणातली साडी बावीस दिवसांनी मागावरून उतरली. कात्रीने ताणा कापतानाचा फोटो सगळेच काढतात, तोही काढावा. पण त्या दिवशीचा मुख्य फोटो पदराच्या उलट्या बाजूचा असावा, खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता. आणि खाली वहीतून उतरवलेले:

‘साडी क्रमांक ४७ आज उतरली. विणकाम २२ दिवस, त्याआधी ताणा-कांड्या ३ दिवस, मध्ये ६ दिवस माग बंद. विणली वडिलांनी, ताणा आई आणि काकूंनी जोडला. ही पदराची मागची बाजू आहे. उजवीकडून दुसऱ्या मोराच्या पायाशी एक गाठ दिसते, सतराव्या दिवशी तिथे हिरवा धागा संपला आणि नवा जोडला. गाठ पक्की आहे, पुढून दिसत नाही. तरी घेण्याआधी पाहून घ्या.’